सव्वीस वर्षं गाळताना

कौटुंबिक कादंबरी लिहायला घेतली की एका जागी हात अडतो. आईची गोष्ट एका टप्प्यावर आलेली असते, मुलगी अजून लहान असते आणि आपल्याला जे सांगायचंय ते ती मुलगी स्वतः आई झाल्यावर घडणार असतं. मधली सगळी वर्षं लिहीत बसलो तर कादंबरीची नोंदवही होते: शाळा, परीक्षा, नोकरी, लग्न, बाळंतपण. गाळली तर पुढच्या प्रकरणात अनोळखी माणसं येऊन बसतात.

माझ्या पहिल्या हस्तलिखितात दुसरा प्रकार झाला होता. ते वाचलेल्या मैत्रिणीने मला एवढंच सांगितलं, "नवव्या प्रकरणापासून पुढचं चांगलं आहे, पण मी मागच्याच घरात राहिले." कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोण कधी वारलं, हे सगळं मी तिला नीट सांगितलं होतं. तरी ती आली नाही. मधल्या काळाची माहिती मी पुढे नेली होती. ज्या गोष्टीसाठी ती पानं उलटत होती, ती मात्र आठव्या प्रकरणाच्या शेवटी मिटवून टाकली होती.

या लेखात मी एकच उडी घेणार आहे: एक आई, एक मुलगी आणि मधली सव्वीस वर्षं. एक उडी नीट जमली की पुढच्या पिढीची उडी त्याच रीतीने घेता येते. उदाहरण मी इथल्यापुरतं रचलं आहे.

आधी उदाहरण

सुमती एकतीस वर्षांची आहे, तिची मुलगी रेवा पाच वर्षांची. एका संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण होतं आणि सुमती म्हणते, "जायचं तर जा." तो जातो. ती आतून कडी घालते. रात्री उशिरा तो परत येतो, दार वाजवतो. ती जागी असते, पण उठत नाही. सकाळी बाहेर कोणी नसतं आणि तो पुन्हा कधीच येत नाही.

तो निघून गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. तो परत आला होता, हे फक्त सुमतीला माहीत आहे. आणि वाचकाला.

पुढचा भाग सव्वीस वर्षांनी सुरू होतो. सुमती सत्तावन्न वर्षांची, रेवा एकतीस, रेवाचा मुलगा निनाद सहा.

पहिलं काम: काय फिटलं नाही ते एका वाक्यात लिहा

उडी कुठे घ्यायची हे ठरवण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. "वडील गेल्याचं दुःख" असलं वाक्य चालणार नाही. दुःख हे नाव झालं आणि नावाला पुढे काही घडवता येत नाही. वाक्यात कोणीतरी काहीतरी केलेलं किंवा करायचं राहिलेलं असलं पाहिजे. आपल्या उदाहरणात ते असं होईल: सुमतीने दार उघडलं नाही आणि ते कोणाला सांगितलं नाही.

हे वाक्य चालेल की नाही, हे पाहायला एकच प्रश्न पुरतो. या वाक्यातली गोष्ट सव्वीस वर्षांनी कोणाला कळली तर घरात काही उलथापालथ होईल का? इथे होईल. रेवा लहानपणापासून "बाबा आपल्याला टाकून गेले" असं धरून चालली आहे. ते अर्धंच खरं आहे हे तिला कळलं तर तिला आई नव्याने ओळखावी लागेल आणि बापही. म्हणजे हे वाक्य पलीकडे जाऊ शकतं. उत्तर "फारसं काही नाही" असं आलं, तर वाक्य बदला किंवा ती वर्षं गाळण्याचा विचार तूर्त सोडा.

इथेच दुसरी एक खबरदारी घ्या. गाळायच्या वर्षांत तुमच्या मुख्य माणसाने एखादा मोठा निर्णय घेतलेला आहे का, ते बघा. निर्णयांचे परिणाम खुशाल गाळता येतात, निर्णय गाळता येत नाहीत. नवऱ्याचा शोध घ्यायचा नाही असं सुमतीने दहाव्या वर्षी ठरवलं आणि त्यावरच पुढचं सगळं उभं असेल, तर तो प्रसंग लिहावाच लागेल. मग सव्वीस वर्षांची एक उडी घ्यायची नाही. दहा आणि सोळा वर्षांच्या दोन घ्यायच्या आणि मध्ये एक छोटं प्रकरण ठेवायचं. असा निर्णय गाळून मग आठवणीत भरून काढणाऱ्या कादंबऱ्या मी अर्ध्यावर सोडल्या आहेत. जे घडताना पाहायला हवं होतं ते कानावरून ऐकावं लागतं आणि वाचक रुसतो.

वयांचा तक्ता आणि हाकांचा तक्ता

वयांचा तक्ता सगळेच सांगतात, म्हणून त्यावर थोडक्यात. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला वर्षं: 0, 5, 10, असं 26 पर्यंत. प्रत्येक चौकटीत वय. यातून कळतं की रेवा पंचविसाव्या वर्षी आई झाली, निनादच्या जन्माच्या वेळी सुमती एक्कावन्न वर्षांची होती आणि शेजारच्या ज्या म्हाताऱ्या बाईंना तुम्ही पुढच्या भागातही बोलायला लावणार होतात, त्या आता सत्त्याण्णव वर्षांच्या झाल्या आहेत. नवीन लिहिणाऱ्यांच्या कादंबरीत कोणीतरी एक जण हमखास वीस वर्षं पंचेचाळिशीतच असतो.

हाकांचा तक्ता मात्र फारसं कोणी करत नाही आणि आपल्या भाषेत त्याची गरज जास्त आहे. पिढी बदलली की माणसाला मारायची हाक बदलते. पहिल्या भागात जी 'सुमती' होती, ती दुसऱ्या भागात निनादची 'आजी' आणि रेवाची 'आई' असते. रेवा पहिल्या भागात 'बाळ' होती, आता तिलाच कोणीतरी 'आई' म्हणतं. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर निवेदनात "आजी खिडकीशी बसली होती आणि आई फोनवर बोलत होती" असं लिहिलंत, तर वाचकाला दोन नव्या बायका दिसतात. ज्यांच्याबरोबर त्याने आठ प्रकरणं काढली, त्या याच, हे त्याला उमगत नाही.

म्हणून नियम ठेवा: निवेदनात नाव कायम राहील, नाती फक्त बोलण्यात येतील. निवेदन 'सुमती' म्हणेल, निनाद 'आजी' म्हणेल. नाव तेच आणि हाक नवी, एवढ्याने किती वर्षं गेली ते वाचकाला समजतं, आकडा सांगायची वेळ बहुतेक येतच नाही. दुसऱ्या भागाची गोष्ट निनादच सांगणार असेल तर हा नियम पाळता येणार नाही. तेव्हा पहिल्या दोन-तीन वाक्यांत कोणीतरी बाहेरचं माणूस सुमतीला नावाने हाक मारेल, अशी सोय करा.

उडीच्या आधीचा प्रसंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पलीकडच्या बाजूला जे काही फसतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा अलीकडच्या शेवटच्या पानावर असतं.

आपल्याला प्रकरण 'पूर्ण' करायची ओढ असते. सकाळ होते, सुमती दार उघडते, रिकामा रस्ता पाहते, रडते, मग पदर खोचून कामाला लागते. वाचकाला वाटतं, झालं, या बाईचं काय व्हायचं ते झालं. त्याने मनातल्या मनात पुस्तक मिटलेलं असतं आणि पुढचं प्रकरण तुम्हाला पुन्हा शून्यापासून उघडायला लावावं लागतं.

त्यापेक्षा सकाळ होऊच देऊ नका. हा प्रसंग मी असा लिहीन:

"कडी घालायची तर ते दार डाव्या हाताने किंचित उचलून धरावं लागे. सुमतीने दार उचललं, कडी सरकवली आणि दार पुन्हा खाली टेकलं तेव्हा नेहमीसारखा आवाज झाला. मग ती आत येऊन रेवाशेजारी आडवी झाली.

किती वाजले होते तिला कळलं नाही. दार दोनदा वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग एकदा, हळू.

रेवाने कूस बदलली. 'आई, कोणीतरी आलंय.'

'कोणी नाही,' सुमती म्हणाली. 'झोप.'"

इथे थांबायचं. ती रडली का, तिला पश्चात्ताप झाला का, तो किती वेळ उभा होता, यातलं काही सांगायचं नाही. वाचकाच्या हातात एक खोटं वाक्य राहिलं आहे आणि ते पाच वर्षांच्या मुलीला सांगितलेलं आहे. सव्वीस वर्षांवरून पलीकडे जाण्याएवढं ओझं त्याला पुरतं. जास्त दिलंत तर तो ते तिथेच खाली ठेवेल.

या प्रसंगातल्या दोन बारीक गोष्टी मुद्दाम घेतल्या आहेत. दार उचलावं लागतं, त्यामुळे कडी घालणं ही चुकून होणारी गोष्ट राहत नाही, आणि ती काढायला गेलं तर आवाज होणार हेही ठरलेलं. दुसरी गोष्ट, मुलगी जागी झाली आहे. ती झोपलेली असती तर हे गुपित सुमतीबरोबरच संपलं असतं. आता तिच्याकडेही त्यातला एक तुकडा आहे, आणि आपल्याकडे तो आहे हे तिला माहीत नाही.

वाहक आधी पेरून ठेवा

जी वस्तू, सवय किंवा वाक्य उडीच्या पलीकडे जाणार असेल, तिला मी वाहक म्हणते. इथे वाहक दोन आहेत: दाराची कडी आणि "कोणी नाही" हे उत्तर. एवढे पुरे. तीन-चार वाहक घेतले की वाचकाला मागे उभं राहून दोऱ्या ओढणारा लेखक दिसायला लागतो.

वाहक शेवटच्या प्रसंगात पहिल्यांदा दिसता कामा नये. त्याआधी तो किमान दोनदा अगदी बिनमहत्त्वाचा म्हणून येऊन गेलेला असावा. दुसऱ्या प्रकरणात नवरा म्हणतो, "हे दार एकदा नीट करायला हवं," आणि करत नाही. पाचव्या प्रकरणात रेवा कडीपर्यंत हात पोचतो का ते टाचा उंचावून बघते. दोन्ही वेळी वाचक पुढे जातो, लक्ष देत नाही. तिसऱ्या वेळी सुमती दार उचलते तेव्हा त्याच्या हाताला ते वजन आपोआप जाणवतं.

वाहक निवडताना अंगठी, जुनं पत्र, फोटो यांच्यापासून जरा लांब राहा, असं माझं मत आहे. या वस्तू वाईट नाहीत. पण त्या मुळातच आठवण म्हणून जपलेल्या असतात. पात्राला त्यांचा अर्थ आधीच माहीत असतो, मग वाचकाला शोधायला काही उरत नाही. रोज हाताळली जाणारी आणि कोणी जपून न ठेवलेली गोष्ट जास्त काळ टिकते.

पलीकडचं पहिलं पान

नवख्या हस्तलिखितात हे पान साधारण असं असतं:

"सव्वीस वर्षं लोटली. या काळात बरंच काही बदललं होतं. रेवा आता एका मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर होती. तिचं लग्न झालं होतं, तिला एक मुलगा होता. सुमती आता थकली होती. मात्र त्या रात्रीची जखम दोघींच्याही मनात अजून ताजी होती."

माहिती म्हणून यात चूक काही नाही. पण सहा वाक्यांत एकही माणूस हललेला नाही. शेवटचं वाक्य तर नुकसानच करतं. जखम ताजी आहे हे वाचकाने स्वतः ओळखायचं होतं, ती संधी काढून घेतली. शिवाय रेवाला त्या रात्रीचं काही माहीतच नाही, मग तिच्या मनात जखम कसली? असं वाक्य लिहिताना कोणाला काय ठाऊक आहे याचा लेखकाचाच हिशेब सुटलेला असतो.

मी पहिल्या पानाला चार मर्यादा घालून घेते. ओळखीचं एक माणूस पहिल्या वाक्यातच काहीतरी करताना दिसलं पाहिजे. वाहक पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे, पण बदललेल्या रूपात. पानभरात नवी माणसं दोनपेक्षा जास्त नकोत. आणि किती काळ गेला हे कोणाच्या तरी वयातून किंवा नात्यातून कळलं पाहिजे. भागाच्या मथळ्यात वर्ष द्यायला हरकत नाही, पण मथळे पुष्कळ वाचक वाचत नाहीत, त्यावर विसंबू नका.

मग ते पान असं होतं:

"दार वाजलं तशी रेवा फोन कानाला लावूनच उठली. दुसऱ्यांदा वाजायच्या आत ती दारापाशी पोचलेली असे. ऑफिसातल्या लोकांनाही हे माहीत झालं होतं, बोलता बोलता ती गप्प झाली की ते थांबत. दारात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरची मुलं जिन्यावरून हसत पळाली.

'कोण आहे गं?' सुमतीने आतून विचारलं.

'कोणी नाही, आई.'

सुमतीने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि ती तशीच बसली. निनाद जमिनीवर चित्र काढत होता. त्याने वर पाहिलं. 'आजी, तुझं पान हरवेल.'"

सव्वीस वर्षं कुठेच लिहिलेली नाहीत. रेवा नोकरी करते, तिला मुलगा आहे, सुमती तिच्याकडे राहते, एवढं कळलं. पण वाचक थबकतो तो "कोणी नाही"पाशी. तेच दोन शब्द, या वेळी मुलीच्या तोंडून, आणि या वेळी ते खरे आहेत. सुमती का थांबली हे त्या घरात कोणालाच कळत नाही. वाचकाला कळतं. पिढ्यांमधला भावनिक धागा म्हणून आपण जे शोधत असतो ते माझ्या समजुतीने हेच आहे: पात्रं जे विसरली किंवा ज्यांना कधी कळलंच नाही, ते वाचकाला आठवत असतं.

मुलगी म्हणजे आईची प्रत नव्हे

इथे एक मोह टाळावा लागतो. सुमती दार उघडायला गेली नाही, म्हणून रेवाही कोणाला तरी दार उघडत नाही आणि तिचाही नवरा जातो. असं लिहिलं की पिढ्यांचा संबंध लगेच दिसतो, पण तो आखल्यासारखा दिसतो. घरात असं घडत नाही. आईबापांनी केलेल्या गोष्टीला मुलं उत्तर देतात, आणि प्रश्न काय होता हे माहीत नसताना देतात.

रेवाने त्या रात्री दार वाजलेलं ऐकलं होतं. तिला ते आठवत नाही, म्हणजे स्वप्नासारखं काहीतरी आठवतं. पण दार वाजून तसंच राहिलं की तिला बसवत नाही. म्हणून ती धावते. आईने केलं त्याच्या हे नेमकं उलट आहे, पण निघालंय तिथूनच. आणि सुमतीचं काय झालं? ते थोडं पुढे, कोणाच्या तरी बोलण्यात यावं. रेवा मैत्रिणीला सहज सांगते, "आमच्याकडे रात्री कडी नसायचीच. आई दार नुसतं लोटून ठेवायची. म्हणायची, आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" आठ-दहा हजार रात्री सुमती दार लोटून झोपली, हे वाचकाला एका वाक्यात मिळालं आणि सांगणारीला आपण काय सांगतोय ते माहीत नाही. गाळलेली वर्षं परत द्यायची तर अशी.

मधल्या काळाचं किती आणि कधी सांगायचं

गाळलेल्या सव्वीस वर्षांचं एक पानभर टिपण स्वतःसाठी जरूर लिहा. मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे, ती कादंबरीत कोण कोणाला आणि कशासाठी सांगेल, ते लिहा. ज्या गोष्टीपुढे काही लिहिता येत नाही, ती टिपणातच राहू द्या. माझ्या अनुभवात पंधरा-वीस गोष्टींपैकी चार-पाच उरतात.

त्यांचा क्रम काळाप्रमाणे लावू नका. गरज पडेल तसं सांगा. रेवाचा नवरा कुठे आहे, हा प्रश्न वाचकाला पहिल्या पानावर पडेल. त्याचं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एखाद्या पोटवाक्यात देऊन टाका, नाहीतर वाचक ते मोठं रहस्य समजेल. तो माणूस पुन्हा कधी आला का, या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबवता येतं, कारण तो प्रश्न सुमतीलाही पडलेला आहे. जो प्रश्न फक्त वाचकाला पडलाय तो लवकर मिटवा, जो पात्रालाही पडलाय तो उघडा ठेवा.

आणि दुसरा भाग सुरू झाल्यावर पहिल्या प्रकरणात तरी मागे जाऊ नका. नुकती नदी ओलांडलेल्या वाचकाला पुन्हा अलीकडच्या काठावर नेलं की त्याचा पाय कुठेच ठरत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांची 1927 सालची 'टू द लाइटहाउस' या बाबतीत जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्या भागात सहा वर्षांच्या जेम्सला दीपगृहावर जायचं असतं आणि ते जाणं होत नाही. मग छोट्याशा मधल्या भागात दहा वर्षं निघून जातात. रिकामं घर, वारा, धूळ. याच भागात त्याची आई वारते, आणि सगळं घर जिच्याभोवती फिरत होतं त्या बाईचा मृत्यू चौकटी कंसातल्या एका वाक्यात येतो. तिसऱ्या भागात सोळा वर्षांचा जेम्स वडिलांबरोबर होडीतून दीपगृहाकडे निघतो. राहून गेलेलं जाणं लेखिकेने दहा वर्षं तसंच राहू दिलं, आणि ते पार पडतं तेव्हा ज्या आईने त्याला उद्या जाऊ असा धीर दिला होता, ती नसते. मृत्यूचा प्रसंग मोठा करून लिहिला असता तर तिची उणीव बहुधा त्याच प्रसंगात संपली असती. आता ती होडीत बसून येते.

कोणाला काय ठाऊक आहे, त्याची वही

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तीन ओळी लिहायच्या: सुमतीला काय माहीत आहे, रेवाला काय माहीत आहे, वाचकाला काय माहीत आहे. पहिल्या भागाच्या शेवटी सुमती आणि वाचक बरोबरीत आहेत. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला सुमती पुढे गेली आहे, कारण मधल्या वर्षांत तिने काय केलं हे वाचकाला माहीत नाही. रेवा दोघांच्याही मागे आहे. भाग पुढे सरकतो तसं हे अंतर हळूहळू कमी व्हायला हवं.

वाचक आणि रेवा यांच्यातलं अंतर ज्या क्षणी संपेल, त्या क्षणी या धाग्यातला ताणही संपेल. म्हणून रेवाला खरं कळण्याचा प्रसंग कुठे घालायचा याचा विचार जपून करा. मला तो पूर्ण उलगडण्यापेक्षा अर्धा आवडतो. एका रात्री रेवा म्हणते, "मला लहानपणी एक स्वप्न पडायचं. दार वाजतंय आणि तू म्हणतेस, कोणी नाही." सुमती काहीच बोलत नाही. रेवा आईच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग तीही बोलायची थांबते. आता रेवाला कळलं आहे का? तिला कळलं आहे हे सुमतीला कळलं आहे का? वहीत इथे तुम्हाला उत्तर लिहावंच लागेल. कादंबरीत नाही लिहिलं तरी चालेल.

धागा तुटला हे कसं ओळखायचं

पहिल्या भागाची शेवटची पाच पानं आणि दुसऱ्या भागाची पहिली पाच पानं वेगळी काढा. आधीचं सगळं वाचलेल्या एखाद्याला ती सलग द्या, मधला मथळा आणि वर्ष काढून टाका. वाचून झाल्यावर "कसं वाटलं" असं विचारू नका. विचारा, "तुला आता कशाची काळजी वाटतेय?"

"ही रेवा म्हणजे तीच ना?" असा प्रश्न उलट आला तर हाका आणि नावं तपासा. "नवीन नोकरीचं काय होणार?" असं काहीतरी आलं तर धागा तुटला आहे. वाचक पलीकडे पोचलाय, पण हात रिकामे घेऊन. अशा वेळी पलीकडचं पान पुन्हा पुन्हा लिहू नका, अलीकडचा शेवट बघा, तो मिटलेला असेल. "हिला कधी कळणार?" असं उत्तर आलं तर पुढे जायला हरकत नाही.

याला एक मर्यादाही आहे. ज्या घटनेचा एकही साक्षीदार जिवंत नाही, इतकी लांब उडी असेल, समजा सत्तर-ऐंशी वर्षांची, तर सवयी आणि बोलणं पुरत नाहीत. तिथे घर, जमीन, कागद असं काहीतरी माणसांपेक्षा जास्त टिकणारं लागतं. आणि अशा दोन उड्या लागोपाठ घेऊ नका. मधल्या पिढीला किमान तीन-चार प्रकरणं स्वतःच्या पायावर उभं राहू द्या, नाहीतर ती आजी आणि नातवाच्या मधला नुसता पूल होऊन राहते.

पुढची उडी

तिसरा भाग आणखी अठ्ठावीस वर्षांनी. निनाद चौतीस वर्षांचा आहे, रेवा एकोणसाठ, सुमती नाही. त्या रात्रीबद्दल ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. रेवाने आईच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते मुलाला सांगितलं नाही. म्हणजे निनादपर्यंत काहीच पोचलेलं नाही आणि इथे धागा सगळ्यात बारीक होतो. लेखक घाबरून इथेच एखादी डायरी सापडवतो. सापडवू नका.

निनाद ते जुनं घर विकायच्या आधी दुरुस्त करून घेतोय. सुतार दार काढून आडवं ठेवतो, रंग खरवडतो. रंगाखाली चार भोकं लागतात, लांबी भरून बुजवलेली.

"इथली कडी काढली होती का कोणी?" सुतार विचारतो.

"नाही," निनाद म्हणतो. "या दाराला कधी कडी नव्हतीच."

हे लिहून झालं की प्रकरण तिथेच संपवा.